वर्गणीच्या मेसेजमध्ये पावती आणि हिशेबाचं काय लिहावं?

"सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी या वर्षी व्हॉट्सअॅपवरून मागायची आहे. पावती आणि खर्चाचा हिशेब देऊ, असं नेमकं कसं लिहावं?"

'पारदर्शक कारभार' वगैरे शब्द गाळा. पावती कधी मिळेल, हिशेब कोणत्या तारखेला लागेल, एवढंच लिहा:

"नमस्कार. यंदाची वर्गणी प्रत्येक घरामागे ५०० रुपये. मंडळाच्या खात्याचा क्यूआर सोबत आहे. पैसे पाठवताना शेऱ्यात विंग आणि फ्लॅट क्रमांक टाका, उदा. बी-३०४. दोन दिवसांत पावतीचा फोटो येईल. नाही आला तर खजिनदारांना कळवा. रोख देणाऱ्यांनी पावती हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विसर्जनानंतर पंधराव्या दिवशी जमाखर्च सूचना फलकावर लागेल. बिलं खजिनदारांकडे पाहता येतील."

शेऱ्यातल्या फ्लॅट क्रमांकावर बरंच अवलंबून आहे. फ्लॅट बायकोच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या खात्यातून, असं घरोघरी असतं. शेरा नसला की बँकेत रक्कम दिसते, पण पावती कुणाच्या नावे फाडायची ते कळत नाही. क्यूआर मंडळाच्याच खात्याचा हवा. कार्यकर्त्याच्या खात्यात त्याचे घरचे पैसे मिसळले की हिशेब जुळवणं अवघड होतं.

हिशेब बिघडतो तो बहुधा पावतीपुस्तकातच. "उद्या देतो" म्हणणाऱ्याची पावती आधीच फाडली की स्थळप्रतींची बेरीज पैशांपेक्षा जास्त येते. चुकलेली पावती फाडून फेकू नका. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवा, नाहीतर मधला क्रमांक गायब दिसतो आणि शंका तिथूनच सुरू होते. गोळा झालेल्या रोख रकमेतून परस्पर फुलवाल्याला पैसे देणंही टाळा. आधी पूर्ण रक्कम जमा दाखवा, मग खर्च लिहा.

समजा १९२ घरांनी वर्गणी दिली, म्हणजे ९६,००० रुपये. गेल्या वर्षीची शिल्लक १२,००० धरून जमा १,०८,०००. खर्च असा: मूर्ती २२,०००, मंडप आणि रोषणाई ४१,०००, प्रसाद १८,५००, मिरवणूक १४,०००, एकूण ९५,५००. शिल्लक १२,५००, आणि त्यातली बँकेत किती, हातात किती हेही लिहा. गेल्या वर्षीची शिल्लक बरेच जण विसरतात, आणि जुने रहिवासी नेमकं तेच विचारतात. 'किरकोळ' या एका शब्दाखाली मोठी रक्कम कोंबू नका.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी मागण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१क खालची परवानगी घ्या आणि तिचा क्रमांक पावतीवर छापा. ८०जी प्रमाणपत्र नसेल तर करसवलतीचा उल्लेखही नको.