नमुना प्रकरण पीडीएफमधून बाहेर काढा

प्रश्न : "पहिली कादंबरी छापून आली. वेबसाइटवर पुस्तकाचं पान आहे, पहिलं प्रकरण पीडीएफमध्ये ठेवलंय, तळाला ईमेल नोंदवायची चौकट आहे. पण प्रकरण कोणी वाचत नाही, गुगलवरही सापडत नाही. काय करू?" (वेंगुर्ला)

ही पीडीएफ छापखान्यातूनच आलीय ना? मग आधी त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला, तर पुस्तक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलंय. आपल्याला मराठी दिसतं, गुगलच्या हाती तो कचरा लागतो. शिवाय छापील पान फोनवर बोटांनी ताणत कोण वाचणार? तुमचा अर्धा वाचक म्हणजे लोकलमध्ये उभा असलेला चाकरमानी.

प्रकरण युनिकोड मजकूर म्हणून साध्या पानावर ठेवा. तुम्ही स्वतः टाइप केलेली प्रत असेल तर तीच घ्या, फक्त शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या तिच्यात उतरवा. माझं हस्तलिखित होतं, त्यामुळे मजकूर फक्त डीटीपीवाल्यांकडे. तिथे कधी "साहेब जेवायला गेलेत", कधी "फाइल बाहेर देत नाही". अहो, मांडणी ठेवा तुमच्याकडे, पण शब्द माझे आहेत! पुढच्या पुस्तकाला कामाच्या कागदावरच लिहून घ्या की अंतिम मजकूर मिळेल, आणि तो हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. हे माझं मत. तुमचा छापखाना सज्जन असेलही.

फाइल मिळाली की फॉन्ट बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावी लागते, आणि खरी गंमत तिथे. माझ्या मजकुरात 'ऱ्या'चा सरसकट 'र्या' झाला. घाटातल्या खोल दऱ्यांचा दर्या! वेबसाइट करणाऱ्या मुलाने एका फटक्यात सगळे 'र्या' बदलले, तर दर्यात गेलेली होडी दऱ्यात गेली आणि कार्यालयाचं 'काऱ्यालय' झालं. तेव्हा 'र्या' शोधून एकेक जागा छापील पुस्तकाशी ताडून बघा. मालवणी संवाद असतील तर शुद्धलेखन तपासणी बंद ठेवा, नाहीतर ती 'खंय'सुद्धा सुधारायला जाईल.

ईमेलची चौकट तळाला नको. प्रकरण जिथे तुटतं तिथे, "पुढचं प्रकरण पाठवू?" एवढंच विचारा. नाव, गाव, फोन काही मागू नका. आणि पत्रं स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावरून जाऊ द्यात. यादीतल्या सगळ्यांना एकदम ईमेल पाठवणारी सेवा वापरून प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता लावला, तर पत्र खरंच जीमेलवरून निघालंय हे पडताळणीत सिद्ध होत नाही आणि ते स्पॅममध्ये पडतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने हे नियम आणखी कडक केलेत. मी तांत्रिक माणूस नव्हे, पण वेबसाइटवाल्याला "एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलंस का?" एवढं विचारा. पत्र खरंच तुमच्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या त्या नोंदी. त्याच फोनवर डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय तेही विचारून घ्या.