३० पेक्षा लहान सहमूळ संख्या किती?

प्रश्न (सोलापूर): ३० शी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या, ३० पेक्षा लहान संख्या किती? २, ३, ५ चे पट वजा केले तर उत्तर उणे १ येतंय!

उत्तर: आठ: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. तुम्ही १५ + १० + ६ = ३१ वजा केलेत; त्यात ६, १२ असे आकडे दोनदा आणि ३० तर तीनदा गेला. म्हणून वजाबाकी टप्प्याटप्प्याने करा. ३० मधून निम्मे काढले की १५ उरतात, त्यातला तिसरा हिस्सा काढला की १०, त्यातला पाचवा काढला की ८. मात्र मूळ अवयव पुन्हा आला तरी एकदाच धरायचा. ६० मध्ये २ दोनदा आहे, पण निम्मे एकदाच करायचे: ६०, ३०, २०, १६. (१ यादीत धरायचाच, तोच हमखास राहतो.)