अध्यक्ष म्हणाले ‘पॉलिसी आहे’, आणि नोटीस खणात राहिली

प्रश्न : तासगावजवळच्या बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीत (प्रायव्हेट लिमिटेड) मी बिनपगारी संचालक आहे. २०२३ मध्ये बोर्डाने कर्ज काढून दुसरं युनिट बांधलं, ते तोट्यात गेलं. १८ टक्के शेअर असलेल्या भागधारकाने जानेवारीत वकिलामार्फत नोटीस दिली, की २ कोटी ४० लाखांचं नुकसान चौघा संचालकांनी पदरचं भरावं. अध्यक्ष म्हणाले, “आपली डी अँड ओ, म्हणजे संचालकांच्या विम्याची पॉलिसी आहे, काळजी नको.” नोटीस खणात गेली. आता जूनच्या सुरुवातीला मुंबईच्या एनसीएलटीचे, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे, कागद आले. पॉलिसी दर १ एप्रिलला त्याच विमा कंपनीकडे रिन्यू होते. माझ्या वकिलाचा खर्च कोण देणार? घर मुलाच्या नावावर करून टाकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कायदा नंतर सांगतो, आजचं काम आधी. विमा कंपनी, ब्रोकर आणि तुमची कंपनी अशा तिघांना एकच ईमेल पाठवा. जानेवारीची नोटीस, ती तुमच्या हाती पडल्याची तारीख आणि एनसीएलटीची पूर्ण याचिका जोडा. गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या, दोन्ही पॉलिसींचे नंबर घाला आणि हा क्लेम दोन्हींखाली कळवत असल्याचं स्पष्ट लिहा. अध्यक्ष पाठवतील म्हणून थांबू नका. विमा संचालकांचा आहे, त्यामुळे तुम्ही स्वतःही कळवू शकता.

एवढी घाई का, ते ऐका. गाडीच्या विम्यात अपघात घडला त्या दिवशी चालू असलेली पॉलिसी लागू होते. संचालकांच्या विम्याचं गणित वेगळं असतं. निर्णय २०२३ चा असला तरी तुमच्याविरुद्ध दावा पहिल्यांदा कधी झाला ते पाहतात, आणि तो बहुधा त्याच पॉलिसीच्या मुदतीत कळवावा लागतो. ‘दावा’ म्हणजे फक्त कोर्टातली केस, असा अध्यक्षांचा समज झालेला दिसतो. बहुतेक पॉलिसींच्या व्याख्येत नुकसानभरपाईची लेखी मागणीही क्लेमच धरतात. म्हणजे तुमचा क्लेम जानेवारीतच झाला आणि जूनची याचिका हे त्याच क्लेमचं पुढचं पाऊल. आता जुनी पॉलिसी म्हणेल मुदत संपली, नवी म्हणेल हे आधीचं.

या कोंडीतून सुटायच्या दोन वाटा असू शकतात. काही पॉलिसींत मुदत संपल्यानंतरही ३०, ६० किंवा ९० दिवस कळवायची सवलत असते. ३१ मार्चपासून मोजलं तर ६० दिवस ३० मे रोजी संपले, ९० दिवस मात्र २९ जूनपर्यंत जातात. म्हणून ईमेल आजच हवा. पॉलिसी रिन्यू केली असेल तर ही सवलत मिळते की नाही, तेही त्याच कलमात वाचा. दुसरी वाट ‘कंटिन्यूइटी’च्या कलमाची. एकाच विमा कंपनीकडे खंड न पडता पॉलिसी चालू असेल, तर आधीच्या वर्षी कळवायला हवा होता तो क्लेम चालू वर्षात घेण्याची तरतूद काही पॉलिसींत असते. कलम आहे की नाही हे पॉलिसीच्या पुस्तिकेतच सापडेल. सर्टिफिकेटवर बघून कळत नाही.

रिन्यूअलचा प्रपोजल फॉर्म मागवून घ्या. ‘माहीत असलेला दावा किंवा दाव्याची शक्यता आहे का?’ हा प्रश्न त्यात बहुधा असतोच. अध्यक्षांनी मार्चमध्ये तिथे ‘नाही’ लिहिलं असेल, तर माहिती दडवल्याचा मुद्दा विमा कंपनी काढणार. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी मारायची नाही, असं कलम चांगल्या पॉलिसींत असतं. पण नोटीस तुम्हालाही मिळाली होती, त्यामुळे त्याचा आडोसा तुम्हाला पूर्ण मिळेल असं मला वाटत नाही. फॉर्म तुम्ही पाहिला नव्हता आणि त्यावर सही केली नव्हती, हे मात्र आत्ताच लेखी नोंदवून ठेवा.

अजून एक खोडा तपासा. ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असलेल्या भागधारकाने केलेला दावा वगळणारं कलम प्रायव्हेट कंपन्यांच्या पॉलिसींत बऱ्याचदा दिसतं. मर्यादा कुठे १०, कुठे १५, कुठे २० टक्के. तुमचा विरोधक १८ टक्केवाला आहे, म्हणजे हा एकच आकडा सगळा प्रश्न निकाली काढू शकतो. तो माणूस पूर्वी कधी संचालक होता का, हेही पाहा. एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेल्या दाव्याचा वेगळा अपवाद असतो.

आता कंपनी काय देईल? कंपनीने संचालकांचा खर्च भरून देण्याची हमी १९५६ च्या कंपनी कायद्याचं कलम २०१ फार आवळून ठेवायचं. २०१३ च्या कायद्यात ते कलम आलंच नाही. तरी तुमच्या कंपनीच्या नियमावलीत कायद्याच्या परिशिष्टातला ‘टेबल एफ’ हा नियमावलीचा नमुना जसाच्या तसा उतरवलेला असेल, तर भरपाई तुमच्या बाजूने निकाल लागल्यावरच मिळते. म्हणजे तोवर वकिलाचे पैसे तुम्हीच घालायचे. आगाऊ खर्च द्यायचा ठराव करता येतो, पण चौघांचाही हितसंबंध असल्यामुळे तो बोर्डात उरकू नका, सर्वसाधारण सभेपुढे न्या. हरल्यास पैसे परत करण्याचं हमीपत्रही द्या. भागधारकांच्या आपसातल्या भांडणात कंपनीचा पैसा का उधळता, असा आक्षेप एनसीएलटीत येणारच. कर्ज म्हणून रक्कम उचललीत तर संचालकांना कर्ज देण्यावर बंधन घालणारं कलम १८५ आडवं येऊ शकतं.

पॉलिसी लागू झाली तर पैसा असा सुटतो. समजा मर्यादा २ कोटी आहे. ती माणशी नसते. चौघांची मिळून, आणि सहसा वर्षभरातल्या सगळ्या दाव्यांची मिळून. वकिलाचा खर्चही त्यातूनच कापला जातो. चौघांनी चार वकील केले आणि प्रत्येकाचे १५ लाख झाले, तर ६० लाख गेले, भरपाईसाठी १ कोटी ४० लाखच उरले. मागणी २ कोटी ४० लाखांची आहे! म्हणून चौघांचे हितसंबंध वेगळे नसतील तर एकच वकील करा, आणि नेमण्याआधी विमा कंपनीची लेखी संमती घ्या. संमतीआधी झालेला खर्च सहसा मिळत नाही. तडजोडीचं बोलणं किंवा चूक कबूल करणंही संमतीशिवाय नको.

मूळ खटल्याबद्दल मला फारशी भीती वाटत नाही. प्रामाणिकपणे, माहिती घेऊन केलेला व्यवहार फसला एवढ्यावरून तो गैरव्यवस्थापन ठरत नाही. शिवाय तुम्ही बिनपगारी, कार्यकारी नसलेले संचालक. कलम १४९(१२) प्रमाणे बोर्डाच्या कामकाजातून तुम्हाला माहीत असलेल्या, आणि तुमची संमती किंवा संगनमत असलेल्या अथवा तुम्ही हलगर्जी केलेल्या गोष्टींपुरतीच तुमची जबाबदारी येते. इथे २०२३ च्या बैठकीचं इतिवृत्त कामाला येईल. प्रकल्प अहवाल आधी वाटला होता का? बेदाण्याचा भाव पडला तर हप्ता कसा भागणार, असं कुणी विचारलं, आणि ते लिहिलं गेलं का? त्या इतिवृत्ताची सही केलेली प्रत आजच घ्या. आता मागाहून ओळी घुसवायचा मोह कुणाला झाला, तर त्यातून बाहेर राहा. अप्रामाणिकपणा अंतिम निकालात सिद्ध झाला तर पॉलिसी हात वर करते, आणि आधी दिलेला खर्चही परत मागू शकते.

राजीनामा दिला तरी होऊन गेलेल्या काळाची जबाबदारी जात नाही, तेव्हा घाईत देऊ नका.

घराबाबत : मुलाला बक्षीसपत्र करू नका. नोटीस आल्यानंतर केलेलं हस्तांतर धनकोंना चुकवण्यासाठी केलं असं सिद्ध झालं, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते रद्द करून घेता येतं. त्याआधीच विरोधक ते बक्षीसपत्र एनसीएलटीपुढे ठेवून तुमच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवील, आणि तुमचा सगळा बचाव तर त्यावरच उभा आहे. मुलाला घर द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा.