नवऱ्याच्या मृत्युपत्रात नाव आहे, म्हणून आईने थांबू नये

प्रश्न: आम्हाला दोन मुलं, ६ आणि २ वर्षांची. नवऱ्याने मृत्युपत्र केलंय आणि आम्हा दोघांचंही काही झालं तर पालक म्हणून त्याच्या मोठ्या भावाचं नाव घातलंय. मी वेगळं मृत्युपत्र करायची गरज आहे का? सासरी विषय काढला तर सगळे म्हणतात, अभद्र बोलू नकोस.

गरज आहे. याच महिन्यात करा.

तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. माझी धाकटी बहीण सोलापूरला असायची. भावोजी हार्ट अटॅकने अचानक गेले. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यांनी मृत्युपत्र केलं होतं आणि तिचा पालक म्हणून थोरल्या भावाला नेमलं होतं. धाकट्याचा तेव्हा जन्मही नव्हता. ते गेल्यावर त्या कागदाकडे कोणी पाहिलं नाही, कारण आई हयात होती आणि कायद्याने तीच पालक. सातबाऱ्यावर मुलांच्या नावांपुढे "अ.पा.क. आई" लागलं आणि विषय मिटला, असं सगळ्यांना वाटलं.

काही वर्षांनी तिला कॅन्सर निघाला. दुसऱ्या केमोनंतर तिने माझ्याकडे कागद मागितला. "ताई, पोरं तुझ्याकडे राहतील असं लिहून ठेवते," म्हणाली. आमचा दादा तिथेच बसला होता. त्याने कागद बाजूला सारला. "आधी बरी हो, असलं काही लिहायचं नाही," म्हणाला. आईने पदर डोळ्याला लावला. पुढे ती इतकी खालावली की सही करण्याच्या अवस्थेत राहिली नाही.

ती गेली. तेराव्यानंतर पोरांना मी नाशिकला आणलं. दोन महिन्यांत काकांच्या वकिलाची नोटीस आली आणि सोबत ते जुनं मृत्युपत्र.

इथला कायदा नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरी नेमकी हीच मांडणी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ९ असं सांगतं की बापाने मृत्युपत्रात पालक नेमला आणि आईच्या आधी तो गेला, तर ती नेमणूक लागू होत नाही. पण आईने स्वतःच्या मृत्युपत्रात कोणाला न नेमता डोळे मिटले, तर तीच जुनी नेमणूक पुन्हा जिवंत होते. विधवा आईला स्वतः पालक नेमण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तिने नेमलेला माणूसच मग चालतो. माझ्या बहिणीने तो वापरू पाहिला, तर तिच्या हातातला कागद काढून घेतला गेला. ती तोंडाने काय म्हणाली याला मृत्युपत्राची किंमत नाही.

आम्ही कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. पहिला आक्षेप असा, की मुलं नेहमी राहायची सोलापूरला, तेव्हा अर्जही तिथेच हवा. त्यातच महिने गेले. दुसरी अडचण मोठी होती. मृत्युपत्राने नेमलेला पालक असेल तर त्याचे अधिकार संपल्याशिवाय किंवा त्याला दूर केल्याशिवाय न्यायालय दुसरा नेमू शकत नाही. भाचीच्या बाबतीत हे आडवं आलं. भाच्याचं नाव मात्र त्या कागदात नव्हतंच, त्यामुळे त्याच्यासाठी मला नेमता येत होतं. म्हणजे काटेकोर धरलं असतं तर बहीण काकांकडे आणि भाऊ माझ्याकडे! तेरा वर्षांची पोर न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये एकटी जाऊन सांगून आली की मला भावापासून वेगळं करू नका.

शेवटी तडजोड झाली. मुलांच्या सांभाळाच्या पालकत्वातून मोकळं होत असल्याचं काकांनी लिहून दिलं आणि दोन्ही मुलांसाठी न्यायालयाने मला नेमलं. फ्लॅट आणि ठेवी यांचं पालकत्व त्यांच्याकडे राहिलं, दरवर्षी हिशेब न्यायालयात द्यायच्या अटीवर. वर्षाहून जास्त काळ गेला. तोवर बँक मुलांच्या ठेवी मोडू देईना आणि शाळा प्रत्येक फॉर्मवर "पालकांची सही" मागे.

दादा अजूनही म्हणतो, "घरातलं माणूस घरातलंच असतं, कागद कशाला?" दादा, काकाही घरातलेच होते आणि मावशीही घरातलीच होती. घरात दोन माणसं पुढे येतात तेव्हाच कागद लागतो. मरणाची भाषा नको म्हणून तू तिला गप्प केलंस, आणि तिच्या पोरीला ती भाषा परक्या माणसांसमोर बोलावी लागली.

आता तुम्ही काय करायचं ते. तुमचं स्वतःचं वेगळं मृत्युपत्र करा. त्यात "पतीच्या पश्चात माझा मृत्यू झाल्यास" असं स्पष्ट लिहून पालक नेमा. शक्य असेल तर नवराबायको दोघांनी एकच नाव घाला, म्हणजे अपघातात आधी कोण गेलं यावर काही अडणार नाही. नवऱ्याचं मृत्युपत्रही काढून बघा. दोन्ही मुलांचा उल्लेख आहे ना? "आज असलेली व पुढे होणारी सर्व अज्ञान मुले" असे शब्द घाला. नाव एकाच माणसाचं घ्या, "भाऊ आणि वहिनी" असं जोडीचं नको, कारण जोडी उद्या मोडू शकते. तो माणूस आधी गेला तर दुसरा कोण, तेही लिहा, आणि दोघांना आधी विचारा.

माझं ठाम मत असं, की सांभाळणारा आणि पैसे बघणारा वेगळा असावा. कायदा दोन्हींसाठी वेगवेगळी नेमणूक करू देतो. आणि आजीआजोबांना नेमू नका, तुमचं धाकटं सज्ञान होईपर्यंत सोळा वर्षं जायचीत.

स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर तुमची सही आणि ती करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, नंतर खोटेपणाचा आरोप करणं अवघड जातं. आजारी माणूस लिहीत असेल तर साक्षीदारांपैकी एक डॉक्टर असलेला बरा. विमा पॉलिसीत अज्ञान नॉमिनीसाठी "अपॉइंटी" भरून घेतात, तो फक्त पैसे स्वीकारतो. मुलांच्या ताब्याशी त्याचा संबंध नाही.

काही गोष्टी मात्र मृत्युपत्रानेही होत नाहीत. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलाच्या अविभक्त हिश्श्याला असा पालक नेमता येत नाही. नेमलेला पालकही मुलांचं घर किंवा जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. नेमलेला माणूस मुलांच्या हिताचा नाही असं दिसलं तर न्यायालय त्याला दूर करू शकतं. आणि हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे, त्यांनी या उत्तरावर जाऊ नये.

काकांबद्दल एवढंच सांगते, की माणूस वाईट नाही. हिशेब वेळेवर देतात, दिवाळीला मुलांना घेऊन जातात. मृत्युपत्रात भावाने टाकलेली जबाबदारी ते पार पाडायला आले होते. बहिणीची इच्छा त्यांना कुठे लिहिलेली दिसलीच नाही. तुमच्या दिरांवर तशी वेळ येऊ नये, म्हणून मृत्युपत्र झालं की त्याची एक प्रत त्यांनाही द्या.