उत्तर बरोबर आलं होतं, मग पान का फाडलंत?

*मुलगा आठवीत आहे. शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याजाच्या शाब्दिक गणितांत हमखास चुकतो. पायरीवार उत्तरं असलेलं पुस्तक आणून त्यातली सोडवलेली साठ गणितं त्याच्याकडून तीन-तीनदा लिहून घेतली. परवा व्याजाच्या गणिताचं उत्तर २,४०० बरोबर आलं, पण पायऱ्या पुस्तकासारख्या नव्हत्या, म्हणून मी पान फाडून परत लिहायला लावलं. आता तो वहीच उघडत नाही. त्याला इंजिनिअर करायचंय. आतापासून जळगावला फाउंडेशनचा क्लास लावावा का?*
*— एक पालक, यावल तालुका*

भाऊ, तुम्ही पानाचा फोटो जोडलात ते बरं केलंत. गणित असं आहे: १५,००० रुपये दरमहा दर शेकडा २ रुपयांनी ८ महिन्यांसाठी घेतले, तर सरळव्याज किती? मुलाने लिहिलंय, शंभराला महिन्याला २, म्हणजे १५,००० ला महिन्याला ३००, आणि आठ महिन्यांचे २,४००. पुस्तकाने महिन्याच्या २ चे वर्षाचे २४ केले, ८ महिन्यांचे ८/१२ वर्ष केलं आणि सूत्रात घातलं: १५,००० × २४ × ८/१२ ÷ १०० = २,४००. दोन्ही रीती पूर्ण बरोबर आहेत. एकीत दर आणि मुदत दोन्ही महिन्यांत आहेत, दुसरीत दोन्ही वर्षांत. तुमच्या मुलाला हे कळलं होतं. जे पान तुम्ही फाडलंत, ते त्याच्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान होतं. चूक तुमची आहे, आणि ती त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

त्याने केलं ते किती महत्त्वाचं आहे, ते चुकणाऱ्या मुलांकडे पाहिलं की कळतं. सूत्र पाठ असलेला मुलगा दर २४ घेतो आणि मुदत तशीच ८ ठेवतो. व्याज येतं २८,८००. किंवा दर २ ठेवून मुदत ८/१२ करतो आणि व्याज येतं २००. पहिल्या उत्तरात पंधरा हजारांवर आठ महिन्यांत मुद्दलाच्या जवळपास दुप्पट व्याज झालं, दुसऱ्यात आठ महिन्यांचं व्याज एका महिन्याच्या ३०० पेक्षाही कमी आलं. तरी तो मुलगा थांबत नाही, कारण पायऱ्या पुस्तकासारख्याच दिसतात. आपल्याकडे गावात 'दोन टक्क्याने पैसे घेतले' म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात. पुस्तकात द.सा.द.शे. लिहिलेलं असतं, म्हणजे दर साल दर शेकडा, वर्षाचे. घरात ऐकलेले दोन टक्के आणि पुस्तकातले दोन टक्के यांत बारा पटींचा फरक आहे. हे त्याला एकदा समजावून सांगा, साठ गणितं उतरवून घेण्याची गरज राहणार नाही.

नफ्याच्या गणितात तो चुकतो, ते मात्र खरं आहे. फोटोतल्या दुसऱ्या पानावर कारणही दिसतं. गणित केळीचं आहे: एका व्यापाऱ्याने ८ क्विंटल केळी १,५०० रुपये क्विंटलने घेतली. हमाली आणि गाडीभाडं ८०० रुपये. ४० किलो केळी खराब झाली, उरलेली २० रुपये किलोने विकली. शेकडा नफा किती? पायऱ्या अशा:

केळीची किंमत: ८ × १,५०० = १२,००० रुपये.
एकूण खरेदी किंमत: १२,००० + ८०० = १२,८०० रुपये.
विकलेली केळी: ८०० − ४० = ७६० किलो.
विक्री: ७६० × २० = १५,२०० रुपये.
नफा: १५,२०० − १२,८०० = २,४०० रुपये.
शेकडा नफा: २,४०० ÷ १२,८०० × १०० = १८.७५.

मुलाने आधी हेच लिहिलं होतं. मग १८.७५ खोडून २५ केलं. इथे एक गैरसमज आहे आणि तो बऱ्याच घरांत मोठ्यांनीच रुजवलेला असतो: उत्तर सुटसुटीत आलं की बरोबर, अपूर्णांक आला की चुकलं. या गणितात नेमक्या चुकीच्या वाटाच सुटसुटीत आकड्यावर नेतात. खराब झालेली केळी वजा करायची विसरलात, तर विक्री १६,००० होते, नफा ३,२०० आणि उत्तर २५. नफा बरोबर २,४०० काढला पण शेकडेवारी काढताना फक्त केळीच्या १२,००० ने भागलं, तर उत्तर २०. दोन्ही आकडे देखणे आणि दोन्ही चूक. बहुपर्यायी परीक्षेत असेच आकडे पर्याय म्हणून दिलेले असतात. म्हणून उत्तराचा चेहरा बघायचा नाही, आकडा उलटा गणितात घालून बघायचा: १२,८०० चे १८.७५ टक्के २,४०० होतात, त्यात १२,८०० मिळवले की विक्रीचे १५,२०० परत मिळतात. हा ताळा त्याला आला की खोडाखोड थांबेल.

मग उत्तरांच्या पुस्तकाचं काय करायचं? ते तुमच्याकडे ठेवा. गणित वाचल्यावर भागाकाराला हात लावण्याआधी त्याला एकच ओळ लिहायला सांगा: इथे शंभर कशाचे धरलेत? नफ्यात खरेदी किमतीचे, सवलतीत छापील किमतीचे, सरळव्याजात मुद्दलाचे. ही ओळ चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि ती बरोबर असेल तर उरतात त्या फक्त आकडेमोडीच्या चुका. गणित झाल्यावर पुस्तकातलं फक्त शेवटचं उत्तर जुळवा. जुळलं तर पायऱ्या वेगळ्या का, एवढंच विचारा आणि तो सांगेल ते ऐका. बरोबर असलेल्या दुसऱ्या रीतीलाही गुण असतात. नाही जुळलं तर वरून खाली एकेक ओळ पडताळत पहिली चुकीची ओळ त्यालाच शोधू द्या. पुढचं गणित त्यानंतर. दिवसाला तीन गणितं पुरेत.

इंजिनिअरिंगचं प्रवेश परीक्षेचं वय बारावीचं आहे, आठवीचं नाही. क्लास लावू नका. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म मात्र शाळेत विचारा. तिथे ही गणितं येतात आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण त्यासाठीही घरात उतारे काढायला लावू नका. जो मुलगा स्वतःची रीत वापरायला घाबरतो, तो परीक्षेत नवं गणित समोर आलं की पाठ केलेल्यांतलं कुठलं याच्याशी जुळतं तेवढंच शोधत बसतो.

आज रात्री त्याच्यासमोर हे एकच गणित ठेवा, पुस्तकाशिवाय: २५ टक्के नफ्याने माल १६,००० ला विकला, तर खरेदी किती? बहुधा तो १६,००० चे २५ टक्के, म्हणजे ४,००० वजा करून १२,००० सांगेल. 'चूक' म्हणू नका. 'मग १२,००० वर २५ टक्के नफा घेऊन दाखव' म्हणा. येतील १५,०००. तिथे तो स्वतः अडेल. शंभराची खरेदी असेल तर विक्री १२५, इथपर्यंत त्याला पोहोचू द्या, मग १६,००० × १०० ÷ १२५ हे तो स्वतः लिहील आणि १२,८०० येतील. पाच मिनिटं लागली तरी तुम्ही बोलू नका.