जोडलेल्या छायाचित्रातले निर्जीव डोळे: नजर, पापणी आणि चमक

प्रश्न: लग्नाच्या ग्रुप फोटोत आजोबांचा जुना फोटो जोडलाय. ते आता हयात नाहीत. रंग, कडा, सावली सगळं जुळलंय. डोळ्यांचा पांढरा भाग उजळवला, बाहुल्यांत पांढरे ठिपकेही टाकले, तरी डोळे निर्जीवच दिसतात. नक्की काय चुकतंय?

उत्तर:

पांढऱ्या भागावरचा उजाळा आणि बाहुल्यांतले ठिपके आधी काढून टाका, कारण पुष्कळदा त्यांच्यामुळेच डोळे काचेचे दिसू लागतात. जोडलेल्या माणसाचे डोळे निर्जीव वाटतात ते उजेड कमी पडल्यामुळे नव्हे. ते डोळे दुसऱ्या क्षणी, दुसऱ्या उजेडात आणि दुसऱ्याच कोणाकडे पाहत असतात, हे खरे कारण आहे. म्हणून मी आधी नजर, मग पापण्या आणि सर्वांत शेवटी चमक, असा क्रम ठेवतो. चमक पापणीखाली कापली जाते आणि नजरेबरोबर जागाही बदलते, त्यामुळे ती आधी काढली तर पुन्हा काढावी लागते.

माझ्या स्टुडिओत आलेले असेच एक काम सांगतो. कुटुंबाचे छायाचित्र वाड्याच्या ओसरीवर काढलेले होते, अंगणाचा मोकळा उजेड छायाचित्राच्या डाव्या बाजूने येत होता आणि आजींच्या शेजारी आजोबांसाठी एक खुर्ची रिकामी ठेवलेली होती. आजोबांचा जो एकमेव मोठा फोटो मिळाला तो कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढलेला होता, आणि त्यात ते छायाचित्रकाराच्या शेजारी उभ्या असलेल्या कोणाचे तरी बोलणे भुवया किंचित उंचावून ऐकत होते. चेहरा खुर्चीवर उत्तम बसला, पण घरच्यांचे म्हणणे एकच होते: "ते आमच्यात बसलेत, पण आमच्यात नाहीत."

प्रथम मोजमापाची सोय करून घ्यावी. प्रौढ माणसाच्या बुबुळाचा व्यास साधारण 12 मिलिमीटर असतो आणि तो माणसागणिक फारसा बदलत नाही, त्यामुळे बुबुळ हीच आपली मोजपट्टी ठरते. माझ्या कामात आजोबांचे बुबुळ 36 पिक्सेल रुंद होते, म्हणजे 1 मिलिमीटरला 3 पिक्सेल. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू बाहुलीच्या मागे सुमारे 10 मिलिमीटरवर असतो, म्हणून बुबुळ 1 मिलिमीटर सरकले की नजर जवळजवळ 6 अंशांनी वळते. कॅमेरा 3 मीटरवर असेल तर तेवढ्याने नजर एक फूट बाजूला जाते. तीन पिक्सेलांची चूक पाहणाऱ्याला का जाणवते, ते यावरून लक्षात येईल.

आजोबांची नजर छायाचित्राच्या उजव्या बाजूला सुमारे 8 अंश गेलेली होती, म्हणून दोन्ही बुबुळे डावीकडे 4 पिक्सेल सरकवायची होती. येथे सर्रास होणारी चूक अशी की बुबुळ डोळ्याच्या फटीच्या बरोबर मध्यावर आणून ठेवले जाते. चेहरा थोडा जरी वळलेला असला तरी बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरा भाग सारखा दिसत नाही, आणि तो बळेच सारखा केला की एक डोळा कॅमेऱ्याकडे आणि दुसरा भलतीकडे पाहू लागतो. दोन्ही बुबुळे एकाच दिशेने आणि सारख्याच अंतराने सरकवावीत. त्यासाठी बुबुळ वेगळ्या लेयरवर उचलावे, खालच्या लेयरवर त्याची जुनी जागा आजूबाजूच्या पांढऱ्या भागाने भरून घ्यावी आणि वरच्या लेयरला पापण्यांच्या कडेचा मास्क द्यावा. उचलण्यापूर्वी बाहुलीच्या मध्यावरचा फ्लॅशचा ठिपका आसपासच्या गडद तपकिरी रंगाने झाकून टाकावा, नाहीतर जुना उजेड बुबुळाबरोबर नव्या जागी येतो.

चेहऱ्याची जागा आणि कल पक्का झाल्याशिवाय नजरेला हात लावू नये, हेही येथेच सांगतो. विल्यम हाइड वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1824 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात चित्रांसह दाखवून दिले होते की डोळे तेच ठेवून नाक आणि चेहऱ्याची दिशा बदलली, तर नजर वेगळीकडे वळल्यासारखी दिसते. म्हणजे नजर केवळ बुबुळावरून वाचली जात नाही, ती चेहऱ्यासकट वाचली जाते. त्यामुळे मोजलेले 4 पिक्सेल ही सुरुवात समजावी आणि शेवटचा अर्धा-एक पिक्सेल पूर्ण चेहरा पाहून, डोळ्याच्या अंदाजानेच ठरवावा.

नजर कॅमेऱ्याकडे आली तरी आजोबा दचकल्यासारखे दिसत होते, आणि त्याचे कारण वरची पापणी होती. शांत बसलेल्या माणसाच्या बुबुळाचा वरचा 1 ते 2 मिलिमीटर भाग पापणीखाली असतो आणि खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला टेकलेली असते. भुवया उंचावल्यामुळे आजोबांच्या बुबुळाची वरची संपूर्ण गोलाई उघडी पडली होती. लिक्विफायमध्ये मोठा, मऊ ब्रश घेऊन मी वरची पापणी 5 पिक्सेल खाली आणली. पापणीऐवजी बुबुळ वर ढकलण्याचा मोह होतो, पण तसे केले की खालून पांढरा भाग दिसू लागतो आणि नजर आभाळाकडे जाते. पापणीबरोबर तिच्यावरची घडी आणि भुवईही थोडी खाली आली पाहिजे, कारण केवळ कड ओढली तर पापणी सुजल्यासारखी दिसते.

शेजारी आजी हसत होत्या. खरे हसू आले की डोळ्याभोवतीचा स्नायू आवळला जातो, खालची पापणी वर येते आणि तिच्याखाली एक हलकी वळी उमटते. मी आजोबांना हसवले नाही, कारण त्यांचे ओठ मिटलेले होते आणि हसरे डोळे त्या ओठांशी विसंगत झाले असते. खालची पापणी मात्र केवळ 2 पिक्सेल वर घेतली, तेवढ्याने चेहऱ्यावर ओळखीचा भाव आला. बुबुळाच्या कडेला उतारवयात येणारे राखाडी कडे मी मुद्दाम तसेच ठेवले. काहीजण ते दोष समजून पुसतात, पण त्या माणसाला रोज जवळून पाहिलेल्यांना ते कडेही ओळखीचे असते.

यानंतर पापणीची सावली. समोरून मारलेल्या फ्लॅशने ती पुसून टाकलेली असते, आणि ओसरीवरच्या उजेडात ती प्रत्येकाच्या डोळ्यात स्पष्ट दिसत होती. डोळ्याचा पांढरा भाग हा एका ओल्या गोळ्याचा भाग आहे. तो दोन्ही कोपऱ्यांकडे गडद होत जातो आणि वरच्या पापणीखाली त्याच्यावर सावलीची पट्टी पडते. आयड्रॉपरने पाहिले तर आजींच्या डोळ्याचा पांढरा भाग 160 च्या आसपास होता आणि आजोबांचा 215. मल्टिप्लाय मोडच्या लेयरवर गालाच्या सावलीचा रंग घेऊन मी तो आजींच्या जवळपास आणला आणि पापणीखाली आणखी गडद केला. ही सावली बुबुळाच्या वरच्या भागावरूनही गेली पाहिजे, नाहीतर बुबुळ पापणीच्या पुढे चिकटवल्यासारखे दिसते.

आता चमक. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, हा सुमारे 7.8 मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्गोल आरसा आहे आणि चमक म्हणजे त्यात उमटलेले उजेडाच्या उगमाचे प्रतिबिंब. उजेड कॅमेऱ्याच्या दिशेपासून 60 अंशांवर असेल तर चमक पारपटलाच्या मध्यापासून जवळजवळ 4 मिलिमीटर सरकते, म्हणजे ती बाहुलीत न पडता बुबुळाच्या कडेच्या बाजूला पडते. तुमचा मध्यावरचा ठिपका पाहणाऱ्याला सांगतो की या माणसावर कॅमेऱ्यातूनच उजेड पडला आहे, आणि शेजारच्या सर्वांचे डोळे ते खोटे ठरवतात. मायका जॉन्सन आणि हॅनी फरीद यांनी 2007 मध्ये जोडलेली छायाचित्रे ओळखण्याची जी पद्धत मांडली, ती याच विसंगतीवर उभी आहे.

गणित करण्यापेक्षा शेजाऱ्याच्या डोळ्यात पाहणे सोपे. आजींचे डोळे मोठे करून पाहिले तेव्हा चमक ठिपक्यासारखी नव्हतीच. तो एक उभट, फिकट निळसर तुकडा होता आणि ओसरीच्या छपराने उजेड अडवल्यामुळे त्याची वरची कड सरळ कापलेली होती. त्याचा मध्य बुबुळाच्या मध्यापासून डावीकडे आणि थोडा वर होता. तेच अंतर बुबुळाच्या आकाराच्या प्रमाणात घेऊन आजोबांच्या डोळ्यात ते 12 पिक्सेल आले. दोन्ही डोळ्यांत चमक एकाच बाजूला ठेवावी. एका डोळ्यातली चमक उलटवून दुसऱ्यात लावणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. शुद्ध पांढरा रंग वापरू नये, कडा अर्ध्या पिक्सेलने मऊ करावी, पापणीखाली जाणारा भाग मास्कने कापावा आणि फोटोचा दाणा चमकेवरही घालावा. भारतीय डोळ्यांचे गडद तपकिरी बुबुळ आणि बाहुली दुरून वेगळी दिसत नाहीत, त्यामुळे चमकेच्या समोरची बाजू, येथे उजवी-खालची, किंचित उबदार तपकिरीने उजळावी. पारपटलातून वाकलेला उजेड बुबुळावर तेथेच गोळा होतो, आणि त्यामुळे डोळ्याला खोली येते.

मूळ फोटोतली चमक योग्य बाजूला असेल आणि ती ठेवायची असेल, तर ती बुबुळाबरोबर तेवढीच सरकवू नका. डोळा वळतो तेव्हा चमक बुबुळाच्या साधारण निम्मेच अंतर कापते, म्हणून बुबुळ 4 पिक्सेल गेले तर चमक 2 पिक्सेल जाईल. ग्रुपमध्ये दुसरीकडे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यातून चमकेची जागा उचलतानाही हा फरक लक्षात घ्यावा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. नजर 15 अंशांहून अधिक वळवायची असेल तर बुबुळ लंबगोल दिसू लागते आणि वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदूही सरकतो. तेथे सरकवासरकवी करण्यापेक्षा दुसरा फोटो शोधावा. जुन्या स्कॅनमध्ये बुबुळ 10 पिक्सेलांहून लहान असेल तर चमकेचा आकार काढण्यात अर्थ नाही, योग्य बाजूला एक मंद पिक्सेल आणि पापणीची सावली एवढे पुरते.

तपासण्यासाठी फोटो आडवा उलटवून आणि अंगठ्याएवढा लहान करून पाहावा. त्या आकारात आजींकडून आजोबांकडे नजर नेताना काही अडखळले, तर बहुधा पांढरा भाग अजून उजळ आहे. माझ्या कामात पहिल्या वेळी तसेच झाले होते, आणि पापणीखालची सावली आणखी थोडी गडद केल्यावर ते अडखळणे थांबले.