स्यूडोमोनासचा प्रतिरोध: मुळातला की नंतर आलेला?

प्रश्न: नाशिकमध्ये बाबा आयसीयूत आहेत. पहिल्या कल्चरमध्ये स्यूडोमोनासला इमिपेनेम चालत होतं. ते सुरू असतानाच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये रेझिस्टंट आलं, मेरोपेनेम मात्र सेन्सिटिव्ह. जंतू मुळातच तसा होता का?

उत्तर: नाही, इमिपेनेमचा प्रतिरोध बहुधा उपचार चालू असताना आलेला आहे. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करतो, आणि ही जोडी ओळखीची आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसाचं बाह्य आवरण जन्मतःच घट्ट असतं आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा मेक्स-एबी-ओपीआर-एम हा पंप त्यात कायम चालू असतो. सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं त्याच्यावर पहिल्यापासून चालत नाहीत, त्यात अशा रचनेचाही वाटा आहे; तो मुळातला प्रतिरोध. इमिपेनेम मात्र ओपीआर-डी नावाच्या पोरिनमधून, म्हणजे आवरणातल्या प्रथिनाच्या छिद्रातून, आत जातं. या पोरिनचं जनुक बिघडलेले थोडे जंतू औषधाच्या माऱ्यात तगतात आणि वाढतात. मेरोपेनेमही त्याच वाटेने जातं, पण वाट बंद झाली तरी त्याचा परिणाम बऱ्याचदा पुरेसा उरतो. मात्र हा पंप इमिपेनेमला फेकत नाही, मेरोपेनेमला फेकतो. पुढे तोही जोरात चालू लागला, तर मेरोपेनेमही निकामी होईल. म्हणून नुसतं सेन्सिटिव्ह न बघता मेरोपेनेमचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण, किती वाढलाय ते डॉक्टरांना जरूर विचारा.

एक मर्यादा: आयसीयूत बाहेरून दुसराच स्ट्रेन येऊ शकतो, आणि नेहमीच्या कल्चर रिपोर्टवरून पोरिन गेलंय हे सिद्ध होत नाही, फक्त तसा अंदाज बांधता येतो.